मराठी व्हॉइस नोटवरून हिंदी संदेश: आधी म्हणणे वेगळे काढा, मग भाषा बदला

मराठीत बोललेली दोन-तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवून कोणी 'एवढे जरा हिंदीत लिहून दे' असे सांगते, तेव्हा त्या एका वाक्यात दोन निरनिराळी कामे असतात. बोलण्यातून नेमके म्हणणे वेगळे काढणे हे पहिले काम, आणि ते म्हणणे हिंदीत मांडणे हे दुसरे. नवखा माणूस ही दोन्ही कामे एकदमच करायला घेतो, म्हणजे मराठी मजकुराची एक ओळ वाचतो आणि लगेच तिचे हिंदी करतो. यात धोका असा की मूळ बोलण्यात जी गोष्ट अस्पष्ट असते तिचा अर्थ आपण भाषांतराच्या ओघात स्वतःच ठरवून टाकतो, आणि हिंदी वाक्य एकदा नीट उतरले की तिथे शंका होती याची आठवणही राहत नाही. म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका क्रमावर उभी आहे: आधी मराठीतच स्वच्छ मसुदा, मग बोलणाऱ्याला प्रश्न, आणि त्यानंतरच हिंदी.

समजावून सांगण्यासाठी एक रचलेले उदाहरण घेऊ. देवगडचे एक आंबा बागायतदार इंदूरच्या नेहमीच्या व्यापाऱ्याला हापूस पाठवतात. त्यांना हिंदी बोलता येते, लिहिता येत नाही. सोमवारी, २० एप्रिलला, ते मराठीतच नोट बोलून पुण्याच्या पुतणीला पाठवतात आणि तिने त्याचा हिंदी संदेश करावा असे सांगतात. फोनने त्या नोटचा केलेला लेखी मजकूर असा आहे:

"हां नमस्कार शेठजी मी देवगडहून बोलतोय अं काय आहे ना काल तुमचा फोन आला होता पण मी बागेत होतो म्हणजे रेंजच नव्हती तिथं तर ते आपलं ऑर्डरचं सांगायचं होतं तुम्ही पंधरा पेट्या म्हणालात पंधरा पण काय झालं ना मधे ते वारं सुटलं आणि फळ गळलं खूप गळलं हो तर पंधरा नाही जमणार बारा देतो बारा पेट्या पाच डझनी म्हणजे आठ पाच डझनी आणि चार सहा डझनी अशा देतो गाडी परवा सुटते मंगळवारी नाही नाही बुधवारी संध्याकाळी साठे सातला आणि शुक्रवारी सकाळी तुमच्याकडे पोचेल म्हणजे पोचायला पाहिजे भाव तोच पाच डझनीला साडेतीन हजार आणि सहा डझनीला तेवीसशे पैसे आपण नेहमी करतो तसंच अर्धे आधी अर्धे माल मिळाल्यावर आणि भाडं तुमच्याकडे ते ठरलेलंच आहे आणि हो ते मागच्या वेळी चार फळं खराब निघाली म्हणालात ते बघतो मी आणि पेट्या आल्या आल्या उघडायच्या हं उघडायच्या फ्रीजमधे नाही ठेवायचा नाही ठेवायचा कच्चा आहे तो चार पाच दिवस गवतात राहू दे आणि रोज प्रत्येक पेटीतली दोन दोन फळं बघत जा बाकी काय घरी सगळ्यांना नमस्कार सांगा हां चला"

पायरी १: मजकूर समोर ठेवून नोट ऐका

लेखी मजकूर हाती आला की ऐकण्याची गरज उरली नाही असे वाटते. पण फोनने लिहिलेला मजकूर म्हणजे त्याला जे ऐकू आले त्याचा अंदाज असतो. एकदा पूर्ण नोट ऐका आणि दुसऱ्यांदा ऐकताना फक्त चार गोष्टी तपासा: आकडे, वार आणि तारखा, नावे, आणि नकार. 'नाही' हा शब्द घाईत बोलताना मागच्या शब्दात विरून जातो आणि फोन तो गाळू शकतो, म्हणजे वाक्याचा अर्थच उलटा होतो.

आपल्या उदाहरणात 'साठे सातला' हे 'साडेसातला' आहे, हे न ऐकताही समजते, कारण 'साठे सात' अशी वेळ नसते. अशा चुका स्वतःहून दिसतात, त्यामुळे त्यांची फारशी भीती नाही. भीती आहे ती 'तेवीसशे' या शब्दाची. तो वाक्यात चपखल बसतो, वाचताना कुठेही अडत नाही, आणि नोट ऐकली तर काका स्पष्टपणे 'तेहतीसशे' म्हणत आहेत. सहा डझनी पेटीतले फळ लहान असते, म्हणून तिचा भाव पाच डझनीपेक्षा कमी आहे. एका पेटीमागे १,००० रुपयांचा आणि चार पेट्यांत ४,००० रुपयांचा फरक केवळ मजकुरावर विसंबल्याने पडला असता. मराठीत तेवीस-तेहतीस, सत्तावीस-सदतीस, आठ-साठ असे जवळच्या उच्चाराचे आकडे बरेच आहेत, म्हणून प्रत्येक आकडा कानाने तपासूनच अंकांत लिहावा.

ऐकतानाच विरामचिन्हेही घाला. 'बारा देतो बारा पेट्या पाच डझनी' या तुकड्यात बाराही पेट्या पाच डझनी आहेत असे वाचताना वाटते. ऐकल्यावर कळते की 'पेट्या' या शब्दानंतर काका थांबले आहेत, आणि 'पाच डझनी' म्हणून त्यांनी पुढचे वाक्य सुरू करून लगेच दुरुस्त केले आहे. बोलणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो हे लेखी मजकुरात उतरत नाही, आणि इथे नेमका तोच अर्थ ठरवतो.

पायरी २: काय गाळायचे आणि काय गाळायचे नाही

'अं', 'हां', 'काय आहे ना', 'ते आपलं', 'बाकी काय', 'चला' हे शब्द निःशंकपणे काढता येतात, कारण बोलणारा पुढचा विचार जुळवत असताना ते जागा भरून काढतात. मात्र शब्दांची यादी करून सरसकट खोडत गेल्यास नुकसान होते, कारण तोच शब्द एका जागी भरताड असतो आणि दुसऱ्या जागी कामाचा असतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण 'म्हणजे' हा शब्द आहे. या नोटमध्ये तो तीनदा आला आहे आणि तिन्ही वेळा त्याचे काम वेगळे आहे. 'बागेत होतो म्हणजे रेंजच नव्हती' इथे तो फक्त दोन वाक्ये जोडतो, त्यामुळे गेला तरी चालेल. 'पाच डझनी म्हणजे आठ पाच डझनी' इथे तो दुरुस्ती आहे. त्याच्या आधीचे रद्द आणि नंतरचे खरे. 'पोचेल म्हणजे पोचायला पाहिजे' इथे तो दिलेली हमी सैल करतो: गाडी शुक्रवारी सकाळी पोचेल असा शब्द द्यायला निघालेले काका मध्येच थांबून ती फक्त अपेक्षा आहे असे सांगतात. हा तिसरा 'म्हणजे' भरताड समजून खोडला आणि 'शुक्रवारी सकाळी पोचेल' एवढेच लिहिले, तर काकांच्या नावावर त्यांनी न दिलेले वचन जाते आणि गाडी दुपारी पोचली तर व्यापारी तेच वचन दाखवतो.

दुरुस्तीचा सर्वसाधारण नियम असा की शेवटी सांगितलेले ग्राह्य धरावे. तरीही जिथे शक्य असेल तिथे दुसरा पुरावा शोधा. 'मंगळवारी नाही नाही बुधवारी' यात शेवटचा वार बुधवार आहे, आणि 'परवा' या शब्दाने त्याला दुजोरा मिळतो, कारण नोट सोमवारी बोललेली आहे. नोट केव्हा बोलली गेली हे तिच्या खाली दिसणाऱ्या दिनांकावरून आधीच टिपून ठेवा. पुढे पाठवलेल्या नोटवर मात्र ती पुढे पाठवल्याची वेळ दिसते, बोलल्याची नाही, हे ध्यानात असू द्या.

पुनरुक्तीबद्दलही असाच विवेक हवा. 'पंधरा पेट्या म्हणालात पंधरा' ही साधी पुनरुक्ती आहे आणि एकदाच लिहावी. 'फ्रीजमधे नाही ठेवायचा नाही ठेवायचा' हीही पुनरुक्तीच आहे, परंतु तिच्यात आग्रह आहे. कच्चा हापूस फ्रीजच्या गारव्यात नीट पिकत नाही, त्याची साल काळवंडते आणि चव उतरते, म्हणून काका दोनदा सांगत आहेत. लिहिताना वाक्य दोनदा लिहायचे नाही, पण त्या सूचनेला कारणासह स्वतंत्र वाक्य द्यायचे, म्हणजे तिचे वजन टिकते. आणि 'आल्या आल्या', 'दोन दोन फळं' ही तर पुनरुक्तीच नव्हे. 'आल्या आल्या' म्हणजे पोचताक्षणी, आणि 'दोन दोन' म्हणजे प्रत्येकातली दोन. भराभर खोडणारा हात 'दोन दोन' मधला एक दोन उडवतो, आणि बारा पेट्यांतली चोवीस फळे तपासण्याची सूचना दोन फळांवर येते.

पायरी ३: मराठीतच मसुदा लिहा आणि शंका वेगळ्या काढा

आता वाचणाऱ्याने संदेश वाचून काय करायचे आहे, हे स्वतःसाठी एका ओळीत लिहा. इथे व्यापाऱ्याने बारा पेट्यांना होकार द्यायचा, अर्धे पैसे पाठवायचे आणि माल आल्यावर तो नीट ठेवायचा. मजकुराचा क्रम या ओळीवरून ठरतो, बोलण्याच्या क्रमावरून नव्हे. बोलणारा सहसा कारणापासून सुरुवात करतो आणि मुद्द्यावर उशिरा येतो; वाचणाऱ्याला मुद्दा लवकर मिळाला पाहिजे. असे असले तरी काकांनी फोन का घेतला नाही ते पहिल्या वाक्यात सांगितले आहे, ते मी तिथेच ठेवीन. व्यापारी आदल्या दिवशी ताटकळला आहे आणि जुन्या ओळखीत तेवढा खुलासा आधी येणे योग्य आहे.

मराठी मसुदा पूर्ण वाक्यांत लिहा. टिपणवजा तुकडे लिहिले तर शंका लपून राहतात. वाक्याला मात्र कर्ता, क्रियापद आणि काळ लागतो आणि त्यापैकी काही ठाऊक नसेल तर वाक्य तिथे अडते. आपला मसुदा दोन ठिकाणी अडतो. अर्धे पैसे 'आधी' म्हणजे कधीपर्यंत, ते सांगितलेले नाही. आणि मागच्या खराब फळांबद्दल 'ते बघतो मी' याचा अर्थ लागत नाही: चौकशी करतो, भरपाई देतो की तूर्त विषय टाळतो? बोलण्यात असे 'बघतो' सहज खपून जाते, कारण ऐकणारा सुरावरून अर्थ लावतो. लिखित संदेशात व्यापारी ते आश्वासन म्हणून वाचू शकतो किंवा टाळाटाळ म्हणूनही.

या जागी स्वतः अर्थ लावू नका, विचारा. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल. 'काका, खराब निघालेल्या चार फळांच्या बदली काही देणार आहात का? आणि अर्धे पैसे कोणत्या दिवसापर्यंत यायला हवेत?' एवढे पुरते. समजा काकांनी सांगितले की अर्धा डझन फळे वेगळी ठेवतो, आणि पैसे मंगळवारी संध्याकाळपर्यंत आले तर बरे. एकूण रक्कम काकांनी सांगितलेली नाही. ती आपण काढू शकतो, कारण ८ पेट्यांचे २८,००० आणि ४ पेट्यांचे १३,२०० मिळून ४१,२०० होतात आणि त्याचे अर्धे २०,६००. तरीही ही रक्कम संदेशात घालण्याआधी त्यांना दाखवावी. हिशेब बरोबर असला तरी तो त्यांच्या तोंडून आलेला नाही, आणि मनात एखादी सूट द्यायची असेल तर ती इथेच कळते.

बोलणारा भेटत नसेल आणि संदेश लगेच द्यायचा असेल, तर जे नक्की आहे तेवढेच लिहून शंकेचा भाग पूर्ण वगळावा. अर्धवट कळलेली गोष्ट गोलमाल शब्दांत लिहिण्यापेक्षा ती नंतर वेगळ्या संदेशात येणे दोघांच्याही सोयीचे असते.

पायरी ४: आता हिंदी

मराठी आणि हिंदी एका लिपीत लिहिल्या जातात आणि कितीतरी शब्द दोन्हींकडे आहेत; या जवळिकीमुळेच फसगत होते. या नोटमधला सर्वांत घातक शब्द 'गळलं' आहे. मराठीत फळ गळते म्हणजे झाडावरून पडते. हिंदीत 'फल गल गए' म्हणजे फळे नासून मऊ पडली. आंब्याच्या व्यापाऱ्याला हे वाक्य गेले तर त्याला वाटेल की नासका माल येतो आहे. इथे 'फल झड़ गए' किंवा 'गिर गए' हवे. तसेच 'गाडी सुटते' याला 'छूटती है' म्हणता येत असले, तरी 'गाड़ी छूट गई' म्हणजे गाडी चुकली असाही अर्थ होतो. 'निकलेगी' लिहिले की प्रश्नच मिटतो. मराठी शब्दासारखाच दिसणारा हिंदी शब्द लिहिताना, हिंदी बोलणारा माणूस तो याच अर्थाने वापरतो का, हे प्रत्येक वेळी पडताळावे. शंका वाटल्यास हिंदी शब्दकोश पाहावा किंवा सरळ दुसरा शब्द घ्यावा.

दुसरी अडचण काळाची आहे. मराठीत 'काल' आणि 'उद्या' वेगळे आहेत. हिंदीत दोन्हींना 'कल' म्हणतात आणि अर्थ क्रियापदावरून कळतो. 'परवा' आणि 'परसों' हे तर दोन्ही भाषांत मागे-पुढे दोन्हीकडे चालतात. शिवाय लिखित संदेश केव्हा वाचला जाईल हे आपल्या हाती नसते. म्हणून असे शब्द काढून वार आणि तारीख दोन्ही लिहा. वार आणि तारीख एकमेकांना तपासतात. एक चुकले तर वाचणाऱ्याला लगेच विसंगती दिसते.

तिसरी गोष्ट 'आपण' आणि 'आम्ही' यांची. मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणारा त्यात धरलेला असतो आणि 'आम्ही' म्हटले की तो बाहेर असतो. हिंदीत दोन्हींकरता 'हम' येते आणि हा भेद पुसला जातो. 'पैसे आपण नेहमी करतो तसंच' याचे 'जैसे हम हमेशा करते हैं' केले, तर ते बागायतदाराची एकतर्फी रीत वाटू शकते. 'हमेशा की तरह' लिहिले की ठराव दोघांचा राहतो. आदराच्या बाबतीत 'आप' सोबत 'भेजो', 'करो' हे बोलण्यात ऐकू येते, पण लिहिताना 'भेज दीजिए', 'रखें' अशी रूपे हवीत.

टंकलेखनासाठी फोनवर हिंदी कीबोर्ड निवडा, कारण 'ड़' आणि 'ढ़' मराठी कीबोर्डवर सहज सापडत नाहीत. अनुस्वारांकडे विशेष लक्ष द्या: 'है' एकवचनी आणि 'हैं' अनेकवचनी, तसेच 'मे' या रूपाला हिंदीत अर्थ नाही, 'में' हवे. मराठी हाताकडून हे टिंब हमखास सुटते.

या सगळ्यानंतर तयार होणारा संदेश असा:

"नमस्ते सेठजी। रविवार को आपका फ़ोन आया था, तब मैं बाग में था और वहाँ नेटवर्क नहीं था, इसलिए बात नहीं हो सकी।

आपने १५ पेटियाँ माँगी थीं। बीच में तेज़ हवा से बहुत फल झड़ गए, इसलिए इस बार १२ पेटियाँ ही दे पाऊँगा: ८ पेटियाँ पाँच दर्जन वाली और ४ पेटियाँ छह दर्जन वाली। गाड़ी बुधवार, २२ अप्रैल को शाम साढ़े सात बजे निकलेगी और शुक्रवार, २४ अप्रैल की सुबह तक आपके यहाँ पहुँच जाने की उम्मीद है।

भाव वही है: पाँच दर्जन वाली पेटी ३,५०० रुपये और छह दर्जन वाली ३,३०० रुपये। कुल ४१,२०० रुपये हुए। हमेशा की तरह आधी रकम, यानी २०,६०० रुपये, पहले और बाकी माल मिलने पर। पहली रकम हो सके तो मंगलवार, २१ अप्रैल की शाम तक भेज दीजिए। गाड़ी का भाड़ा, जैसा तय है, आपकी ओर रहेगा।

पिछली बार जो चार फल खराब निकले थे, उनके बदले आधा दर्जन फल अलग से रख रहा हूँ।

पेटियाँ पहुँचते ही खोल दें। आम अभी कच्चे हैं, इसलिए उन्हें फ्रिज में बिल्कुल न रखें। चार-पाँच दिन पुआल में ही रहने दें और रोज़ हर पेटी के दो-दो फल देखते रहें।

घर में सबको मेरा नमस्कार।"

शेवटचा नमस्कार मी गाळलेला नाही. तो व्यवहाराचा भाग नाही, पण काकांनी तो मनापासून सांगितला आहे आणि वर्षानुवर्षांच्या संबंधात त्याचा अभाव जाणवतो. 'गवतात' साठी 'पुआल' घेतले आहे, कारण पेटीत अंथरलेला भाताचा पेंढा हिंदीत त्याच नावाने ओळखला जातो. मूळ नोटमध्ये नसलेली क्षमायाचना मात्र घातलेली नाही. पेट्या कमी पडल्या म्हणून 'क्षमा करें' लिहिण्याचा मोह होतो, पण माफी मागायची की नाही हे बोलणाऱ्याने ठरवायचे असते.

पायरी ५: उलट वाचून दाखवा

संदेश पाठवण्यापूर्वी थोडा वेळ जाऊ द्या आणि मग मूळ नोट न ऐकता, फक्त हिंदी मजकूर पाहून तो काकांना फोनवर मराठीत सांगा. हिंदी वाचून दाखवू नका. काकांना हिंदी कळत असले तरी वाचताना तुमचा सूर मजकुरातली संदिग्धता झाकून टाकतो. मराठीत परत सांगताना जिथे तुम्हाला स्वतःलाच 'म्हणजे असं की' म्हणावे लागते, तिथे हिंदी वाक्य पुरेसे स्पष्ट नाही असे समजा आणि ते पुन्हा लिहा. काकांनी होकार दिला की सगळे आकडे शेवटचे एकदा ध्वनिफितीशी ताडून पाहा. या संदेशात पेट्यांचे चार, तारखांचे तीन, वेळेचा एक आणि रकमेचे चार आकडे आहेत, आणि त्यातले तीन, म्हणजे एकूण रक्कम, तिचे अर्धे आणि पैसे पाठवण्याची तारीख, नोटमध्ये सापडणार नाहीत, कारण ते नंतरच्या हिशेबातून आणि बोलण्यातून आले आहेत. ते कुठून आले याची नोंद मराठी मसुद्याच्या समासात ठेवा.

ही पद्धत जिथे जशीच्या तशी लावू नये अशा नोट्सही असतात. आजाराचे वर्णन, तक्रार किंवा वादाची हकीकत सांगणारी नोट असेल तर अडखळणे आणि बदललेले शब्द यांनाही अर्थ असतो. 'दुखतंय, म्हणजे दुखत नाही, जड वाटतं' हे डॉक्टरांसाठी लिहिताना फक्त 'भारीपन लगता है' असे करू नका. बोलणाऱ्याने आधी दुखते असे म्हटले आणि मग जड वाटते असे म्हटले, हे दोन्ही येऊ द्या. अशा वेळी फक्त 'अं', 'हां' एवढेच काढावे, वाक्यांचा मूळ क्रम राखावा, आणि लेखी संदेशासोबत मूळ व्हॉइस नोटही पाठवावी, म्हणजे मराठी जाणणारा कोणी तिकडे असेल तर त्याला ती ऐकता येईल.